मार्चमध्ये ११७ का?

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझी भाची एक उत्तरपत्रिका घेऊन घरी आली. एम.बी.ए.च्या पहिल्या वर्षाची अंतर्गत परीक्षा होती. विषय ऑपरेशन्स मॅनेजमेंट, आणि प्रश्न मागणीच्या अंदाजाचा. दहापैकी सहा गुण मिळाले होते. "मामा, सगळी आकडेमोड बरोबर आहे. शेवटच्या ओळीचे चार गुण कापलेत. कोणती पद्धत चांगली, एवढंच विचारलं होतं," ती म्हणाली.

मी व्यवस्थापन शिकलेलो नाही. बारावीनंतर सांगली-मिरज भागात पंपांच्या सुट्या भागांच्या एका दुकानात स्टोअर सांभाळायला लागलो आणि तिथेच बावीस वर्षे काढली. रद्दीवाल्याकडून आणलेल्या पुस्तकांतून संख्याशास्त्र वाचत गेलो. पुढे नोकरी सुटली, पण वाचन सुटले नाही. त्यामुळे भाचीने ती उत्तरपत्रिका पुढ्यात ठेवली तेव्हा मला गणिताआधी माझे जुने बिन कार्ड आठवले. बिन कार्ड म्हणजे रॅकच्या प्रत्येक खणाला लटकवलेला पुठ्ठा. त्यावर आवक, जावक आणि शिल्लक लिहायची. त्या पुठ्ठ्याकडे नंतर येतो. आधी भाचीचे गणित.

एका कंपनीची सहा महिन्यांची मागणी दिली होती. जानेवारी १२०, फेब्रुवारी १२६, मार्च ११७, एप्रिल १२९, मे १३५, जून १४४. तीन महिन्यांच्या मूव्हिंग अ‍ॅव्हरेजने आणि अल्फा ०.३ धरून एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगने जुलैचा अंदाज काढा, जानेवारीचा अंदाज १२० माना, आणि मॅड काढून कोणती पद्धत बरी ते सांगा. असे प्रश्न वर्षानुवर्षे येतात. आकडे बदलतात, सांगाडा तोच राहतो.

मूव्हिंग अ‍ॅव्हरेजला आपल्याकडे चल सरासरी असाही शब्द आहे, पण मला 'सरकती सरासरी' जास्त आवडते. ती सरकते म्हणूनच तर उपयोगी. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च यांची बेरीज ३६३. तिला तीनने भागले की १२१. हा एप्रिलचा अंदाज. मग जानेवारी सोडायचा, एप्रिल घ्यायचा. बेरीज ३७२, सरासरी १२४, हा मेचा अंदाज. तसाच जूनचा १२७ आणि जुलैचा १३६.

इथे बी.कॉम. होऊन आलेली मुले एक चूक हमखास करतात. भाचीनेही पहिल्यांदा केली होती आणि मग खोडली होती. तिने १२१ हा आकडा फेब्रुवारीपुढे लिहिला होता. यात तिचा दोष नाही. संख्याशास्त्राच्या पेपरात कल काढताना तीन वर्षांची सरासरी मधल्या वर्षापुढेच लिहायला शिकवतात, आणि तिथे ते बरोबरही आहे, कारण तिथे झालेल्या गोष्टीचे वर्णन करायचे असते. इथे पुढचे सांगायचे आहे. फेब्रुवारीत उभ्या असलेल्या माणसाला मार्चचा आकडा कुठून कळणार? मार्च संपल्याशिवाय १२१ अस्तित्वातच येत नाही, म्हणून तो एप्रिलपुढे बसतो. आकडेमोड तीच, जागा बदलली की अर्थ बदलला.

दुसऱ्या पद्धतीचे सूत्र असे:

नवा अंदाज = जुना अंदाज + α × (प्रत्यक्ष मागणी − जुना अंदाज)

म्हणजे गेल्या वेळी जेवढा चुकलास, त्या चुकीचा काही हिस्सा या वेळी सुधारून घे. अल्फा ०.३ म्हणजे दहातला तीन हिस्सा. जानेवारीचा अंदाज १२० आणि मागणीही १२०, त्यामुळे फेब्रुवारीचा अंदाज १२० च राहिला. फेब्रुवारीत १२६ आले, चूक ६, तिचा तीन दशांश १.८, म्हणून मार्चचा अंदाज १२१.८. मार्चमध्ये मागणी ११७ वर घसरली, चूक उणे ४.८, म्हणून एप्रिलचा अंदाज १२०.३६ वर उतरला. असेच पुढे चालत गेले की हा तक्ता तयार होतो.

| महिना | मागणी | सरकती सरासरी | स्मूदिंग, α = ०.३ |
|---|---|---|---|
| जानेवारी | १२० | – | १२० |
| फेब्रुवारी | १२६ | – | १२० |
| मार्च | ११७ | – | १२१.८० |
| एप्रिल | १२९ | १२१ | १२०.३६ |
| मे | १३५ | १२४ | १२२.९५ |
| जून | १४४ | १२७ | १२६.५७ |
| जुलै | ? | १३६ | १३१.८० |

आता मॅड. मीन अ‍ॅब्सोल्यूट डेव्हिएशन या लांबलचक नावाचे हे लघुरूप. प्रत्येक महिन्याची चूक घ्यायची, उणे चिन्ह असेल तर सोडून द्यायचे आणि सरासरी काढायची. सरकत्या सरासरीच्या चुका ८, ११ आणि १७. बेरीज ३६, मॅड १२. स्मूदिंगच्या चुका फेब्रुवारीपासून ६, ४.८, ८.६४, १२.०५, १७.४३. बेरीज ४८.९२, भागिले ५, मॅड ९.७८. बारापेक्षा ९.७८ कमी, म्हणून स्मूदिंग बरे. नमुना उत्तरात हेच होते.

भाचीने मात्र लिहिले होते की सरकती सरासरी बरी. तिने स्मूदिंगच्याही शेवटच्या तीनच चुका घेतल्या होत्या, कारण सरकत्या सरासरीकडे तेवढेच महिने होते. ८.६४, १२.०५ आणि १७.४३ यांची बेरीज ३८.१२ आणि मॅड १२.७१. म्हणजे निकाल उलटा.

मी दोनदा तपासले. बरोबर ती होती. दोन फलंदाजांची तुलना करताना एकाचे पाच सामने आणि दुसऱ्याचे तीनच धरले, आणि त्या जास्तीच्या दोन सामन्यांत समोर गल्लीतली पोरे गोलंदाजी करत होती, तर सरासरीला काय अर्थ? फेब्रुवारी आणि मार्च हे सोपे महिने होते, मागणी १२० च्या आसपासच घुटमळत होती. त्या महिन्यांची परीक्षा स्मूदिंगने दिली, सरकत्या सरासरीला बसूच दिले नाही. काहीजण तर जानेवारीसुद्धा मोजतात. त्या महिन्याचा अंदाज प्रश्नातच दिलेला असतो आणि तो मागणीइतकाच असल्याने चूक शून्य. मग मॅड ८.१५ वर येतो. फुकटचे शून्य मिळवून जिंकण्याचा हा प्रकार आहे. अनेक सोडवलेल्या गणितांत तो खपून जातो, कारण उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत पुस्तकाशी जुळले की कोणी महिने मोजत नाही.

भाची खूश झाली. पण मला त्या तक्त्यात दुसरेच काही दिसत होते. "आता चुकांची चिन्हं बघ," मी तिला म्हटले.

एप्रिल, मे, जून या तिन्ही महिन्यांत दोन्ही पद्धती एकाच बाजूला चुकल्या आहेत. मागणी दर वेळी अंदाजापेक्षा जास्त आहे, आणि चूक वाढत चालली आहे. मॅड काढताना आपण चिन्ह टाकून देतो आणि नेमकी हीच बातमी हातातून जाते. कधी पाच जास्त, कधी पाच कमी असे चुकणारा अंदाज आणि दर महिन्याला पाचने कमीच सांगणारा अंदाज यांचा मॅड सारखाच येतो. स्टोअरवाल्याला मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. पहिल्यात थोडा राखीव माल ठेवला की निभावते. दुसऱ्यात तो राखीव माल दोन-तीन महिन्यांत संपून जातो आणि मग रॅक रिकामा.

ही गोष्ट पकडण्यासाठी ट्रॅकिंग सिग्नल नावाची सोपी युक्ती आहे. चिन्हांसकट सगळ्या चुकांची बेरीज करायची आणि तिला मॅडने भागायचे. अंदाज निःपक्षपाती असेल तर अधिक आणि उणे एकमेकांना खातात आणि उत्तर शून्याजवळ राहते. उत्तर अधिक चार किंवा उणे चार ओलांडून गेले की पद्धत तपासायला घ्यावी, असा पुष्कळ पुस्तकांत संकेत आहे. स्मूदिंगच्या पाच चुका चिन्हांसकट मिळवल्या की ३९.३२ येतात. भागिले ९.७८, उत्तर ४.०२. म्हणजे ज्या पद्धतीला नमुना उत्तराने पहिला क्रमांक दिला होता, तीच धोक्याची रेघ ओलांडून उभी होती. सरकत्या सरासरीचा सिग्नल ३६ भागिले १२ म्हणजे ३ येतो, पण त्यावर हुरळून जाऊ नये. तीनच चुका असल्या आणि तिन्ही एकाच बाजूच्या असल्या तर हे उत्तर बरोबर तीनच येते, त्याहून वर जाऊच शकत नाही. ती घंटा वाजली नाही याचे कारण ती वाजण्याइतके महिनेच तिला मिळाले नव्हते.

चुका एकाच बाजूला का जातात, हे या पद्धतींच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. तीन महिन्यांची सरासरी ही खरे तर मधल्या महिन्याची खबर असते. एप्रिल, मे, जूनची सरासरी मेची परिस्थिती सांगते आणि आपण ती जुलैसाठी वापरतो. म्हणजे बातमी दोन महिने शिळी. मागणी एका पातळीवर स्थिर असेल तर शिळ्या बातमीने काही बिघडत नाही. पण ती दरमहा ९ ने चढत असेल, तर दोन महिन्यांच्या शिळेपणाची किंमत १८ नग. आपल्या तक्त्यात मार्चपासून वाढ १२, ६ आणि ९ अशी आहे, सरासरी ९, आणि जूनची चूक १७. हिशेब जवळजवळ जुळतो.

स्मूदिंगचा शिळेपणा अल्फावर ठरतो. एकाला अल्फाने भागले की तो निघतो. ०.३ ला तीन महिने आणि वर दहा दिवस. दरमहा ९ ची चढण चालूच राहिली तर याची चूक वाढत वाढत ३० पर्यंत जाऊन थांबेल. जूनमधली १७.४३ ही चूक अर्ध्या वाटेवरची आहे. जुलैत मागणी १५३ झाली असे धरा. सरकती सरासरी १७ नगांनी कमी पडेल आणि स्मूदिंग २१ नगांनी. एकीची चूक आपल्या मुक्कामावर पोचली आहे, दुसरीची अजून चालते आहे.

यावरून परीक्षेतल्या तुलनेची आणखी एक गंमत कळते. तीन महिन्यांची सरासरी दोन महिने शिळी आणि ०.३ चे स्मूदिंग सव्वातीन महिन्यांहून थोडे जास्त शिळे. तुलना बरोबरीची करायची तर शिळेपणा सारखा हवा. त्यासाठी नियम आहे: सरासरीच्या महिन्यांत एक मिळवा आणि त्याने दोनला भागा. तीन महिन्यांसाठी अल्फा ०.५ येतो. भाचीने लगेच वहीत मांडले. ०.५ घेतल्यावर एप्रिल, मे, जूनचे अंदाज १२०, १२४.५ आणि १२९.७५ आले, चुका ९, १०.५ आणि १४.२५, मॅड ११.२५. आता स्मूदिंग जिंकले! मग मी तिला अल्फा १ घ्यायला सांगितले. अल्फा १ म्हणजे काही गणितच करायचे नाही, गेल्या महिन्यात जेवढे खपले तेवढेच या महिन्यात खपेल असे म्हणायचे. चुका १२, ६ आणि ९. मॅड ९. सगळ्यांत कमी.

ती बघतच राहिली. "मग एवढं सगळं कशाला शिकायचं?"

रास्त प्रश्न होता. याचे उत्तर या पद्धती कशासाठी जन्मल्या त्यात आहे. एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगचे श्रेय रॉबर्ट ब्राउन या अमेरिकी संशोधकाला देतात. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या यंत्रणेवर काम करत होता. पाणबुडीची ताजी नोंद मिळत राहते, प्रत्येक नोंदीत थोडी गडबड असते, आणि तोफखान्याला तिच्या जागेचा गुळगुळीत अंदाज हवा असतो. तिथे हे समतलन आकड्यांनी नव्हे, चकती आणि गोळ्याच्या यांत्रिक जोडणीने होत असे. पुढे १९५० नंतरच्या दशकात ब्राउनने हीच कल्पना नौदलाच्या सुट्या भागांच्या साठ्याकडे वळवली. १९५९ साली साठ्याच्या अंदाजावर त्याचे पुस्तक आले.

सुटे भाग म्हटल्यावर मी वाचता वाचता ताठ बसलो होतो, हे कबूल करतो. हजारो प्रकारचे भाग. प्रत्येकाची बारा महिन्यांची सरकती सरासरी ठेवायची तर प्रत्येकासाठी बारा आकडे जपायचे, दर महिन्याला सर्वांत जुना शोधून काढून टाकायचा. त्या काळी हे काम पंच केलेल्या कार्डांवर चाले. स्मूदिंगला प्रत्येक भागासाठी एकच आकडा पुरतो: गेल्या वेळचा अंदाज. त्यात सगळा इतिहास विरघळलेला असतो. अल्फा ०.३ असेल तर ताज्या महिन्याचे वजन ०.३, त्याआधीच्याचे ०.२१, त्याआधीच्याचे ०.१४७, असे ते उतरत जाते, पण कधीच पुरते शून्य होत नाही. सरकत्या सरासरीत तीन महिन्यांपूर्वीच्या माणसाला पूर्ण मत आणि चार महिन्यांपूर्वीच्याला हाकलून दिलेले. स्मूदिंगमध्ये म्हातारे हळूहळू आवाज कमी करतात.

आणि पद्धतीची खरी जागाही यातच कळते. मागणी एका पातळीभोवती वरखाली होते आहे, ती पातळी क्वचित हळूच सरकते, आणि आपल्याला ती डोलण्याची गडबड गाळून फक्त पातळी हवी आहे. त्या ठिकाणी ही पद्धत उत्तम चालते. चढती मागणी हे तिचे काम नव्हे. चार्ल्स होल्ट याने १९५७ मध्ये पातळीबरोबर चढणीचाही वेगळा अंदाज ठेवण्याची रीत मांडली. त्याची ती टिपणे नौदलाच्या संशोधन अहवालात पडून होती, नियतकालिकात छापून आली थेट २००४ साली. १९६० मध्ये विंटर्स याने त्यात हंगामाची भर घातली. भाचीच्या गणितातले आकडे होल्टच्या वाटचे होते आणि प्रश्न ब्राउनच्या पद्धतीचा विचारला होता. त्यामुळे 'कोणती बरी' याचे प्रामाणिक उत्तर 'दोन्ही नकोत' असे होते. पण असे उत्तर लिहायला परीक्षेत जागा नसते.

जानेवारीचा अंदाज १२० माना, या वाक्याकडेही सहसा कोणी बघत नाही. पहिला अंदाज कुठून तरी आणावाच लागतो, आणि तो किती काळ अंगावर राहतो ते अल्फा ठरवतो. ०.३ ला सहा महिन्यांनंतरही त्या पहिल्या आकड्याचे वजन जवळजवळ १२ टक्के उरते. अल्फा ०.१ घेतला तर ५३ टक्के. म्हणजे सहा महिन्यांच्या गणितात ०.१ घेऊन काढलेल्या जुलैच्या अंदाजात निम्म्याहून जास्त भाग प्रश्न काढणाऱ्याच्या मनातल्या आकड्याचा असतो. आकडे थोडे आणि अल्फा लहान, अशी जोडी दिसली की सावध व्हावे.

आता माझे बिन कार्ड.

भाचीच्या प्रश्नात मार्चचा आकडा ११७ आहे. आधी १२६, नंतर १२९, मधेच ११७. परीक्षेत तो का पडला हे कोणी विचारत नाही, विचारायचेही नसते. पण मी स्टोअरमध्ये होतो तेव्हा असाच एक मार्च आला होता. मोनोब्लॉक पंपाला लागणारा एका मापाचा मेकॅनिकल सील. जानेवारीत ५२ गेले, फेब्रुवारीत ५६, मार्चमध्ये ३६. मालकांनी शिकवलेली रीत साधी होती, मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढायची आणि तेवढी ऑर्डर टाकायची. रीतीचे इंग्रजी नाव तेव्हा मला माहीत नव्हते. बेरीज १४४, सरासरी ४८. एप्रिलसाठी ४८ मागवले.

मार्चमध्ये ३६ च गेले, कारण २० तारखेला रॅक रिकामा झाला होता. पुढचे अकरा दिवस माणसे येत होती आणि हात हलवत परत जात होती. कार्डावर जावक लिहायची जागा होती, परत गेलेल्या माणसाची नोंद करायला जागा नव्हती. वीस दिवसांत ३६ म्हणजे दिवसाला जवळजवळ दोन. त्या गतीने महिनाभर माल असता तर ५६ गेले असते आणि सरासरी ५५ आली असती. मी सात सील कमी मागवले. एप्रिल हा आमच्याकडे द्राक्षबागांच्या खरड छाटणीचा महिना. छाटणी झाली की बागेला पाणी लागतेच, आणि त्याच दिवसांत पंप जास्त चालतात, जास्त बिघडतात. ते ४८ सील महिना संपण्याआधीच संपले.

मग काय झाले ते बघा. मेसाठी सरासरी काढली: ५६, ३६ आणि ४८. बेरीज १४०, सरासरी ४७. तेही पुरले नाहीत, सगळे ४७ गेले. जूनसाठी ३६, ४८, ४७, सरासरी ४४. कागदावर मागणी शांतपणे उतरत होती: ४८, ४७, ४४. मालक एकदा म्हणालेही की या सीलचा खप कमी होतोय. खप कमी होत नव्हता. आम्ही जेवढे ठेवत होतो तेवढेच विकू शकत होतो, आणि जेवढे विकले त्यावरून पुढचे ठेवत होतो. अंदाज दर महिन्याला खरा ठरत होता! चूक शून्य, मॅड शून्य, ट्रॅकिंग सिग्नल काढायलाही काही नाही. त्या काळात परीक्षकाने आमचा तक्ता तपासला असता तर दहापैकी दहा दिले असते.

हे मला कळले ते एका बागाईतदारामुळे. तो तिसऱ्यांदा परत जाताना पायरीवर थांबून म्हणाला, "तुमच्याकडं हा सील महिनाअखेरीला कधीच नसतो, आता आम्ही कोल्हापूरलाच जातो." त्या उन्हाळ्यात त्याची मोटर सहा दिवस बंद होती, हे त्याने सांगितले तेव्हा मला त्याच्या डोळ्यांकडे बघवेना. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक कार्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने रेघा मारायला लागलो. माल नसताना कोणी विचारले की एक रेघ. महिन्याच्या शेवटी जावक अधिक रेघा, ही माझी मागणी. एकच माणूस दोनदा विचारून जायचा आणि दोन रेघा व्हायच्या, तेवढी खोट राहिलीच. तरी पहिल्याच महिन्यात त्या सीलच्या मागे चौदा रेघा होत्या.

पाठ्यपुस्तकांत 'मागणी' असा शब्द असतो आणि दुकानांच्या संगणकांत 'विक्री' असते. विद्यार्थी पहिला स्तंभ कुठून आला हे न विचारता दुसऱ्या स्तंभापासून काम सुरू करतो. ताब्यातला माल संपल्याचे दिवस बाजूला काढून मगच सरासरी काढावी, ही एक ओळ त्या गणितांच्या आधी यायला हवी, असे मला वाटते. ती ओळ आली तर गणित अवघड होत नाही, फक्त थोडे लांबते.

हंगामाचे थोडक्यात सांगतो, कारण हा अंक हातात असताना वाचकांनाच ते दिसेल. दिवाळीच्या मालाला सरकती सरासरी लावली तर ती दिवाळीआधी कमी मागवते आणि दिवाळी झाल्यावर, वाढलेला महिना पोटात घेऊन, तीन महिने जास्त मागवत राहते. यावर पुस्तकातला उपाय म्हणजे प्रत्येक महिन्याचा हंगामी निर्देशांक. पण आपला सण इंग्रजी महिन्याला बांधलेला नाही. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरला गेले. मागच्या वर्षाच्या आकड्यांवरून काढलेला ऑक्टोबरचा निर्देशांक २०२३ मध्ये वापरला असता तर माल तीन आठवडे आधी येऊन पडला असता. आकाशकंदील असेल तर गोदाम अडते, फरसाण असेल तर खवट होते. याला इलाज म्हणजे महिने इंग्रजी न धरता दिवाळीपासून मागे आठवडे मोजायचे. आमच्या पेठेतले वाणी हे कोणत्याही सूत्राशिवाय करतात.

भाची दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका घेऊन सरांकडे गेली. तीनच महिने का घेतले ते तिने फळ्यावर मांडून दाखवले. सरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, तुझे खरे आहे, पण नमुना उत्तर असेच आले आहे आणि बाकीच्या वर्गाने तसेच लिहिले आहे. दोन गुण वाढवून दिले. वार्षिक परीक्षेत काय लिहू, असे तिने मला विचारले. मी म्हटले, दोन्ही मॅड काढ, पाच महिन्यांचाही आणि तीन महिन्यांचाही, कोणता कशासाठी ते एका ओळीत लिही, आणि वेळ उरला तर चुकांची चिन्हे दाखव. तिने तसे लिहिले. निकाल अजून लागायचा आहे. मधल्या काळात तिने एका औषध दुकानाच्या मालकाकडे प्रकल्प घेतला आहे, आणि काल फोनवर सांगत होती की त्यांच्या संगणकात माल संपलेल्या दिवसांची नोंद ठेवायला रकानाच नाही, म्हणून तिने काउंटरवर एक शंभर पानी वही आणि पेन्सिल ठेवली आहे.